रिक्रूटरचा पहिला फोन: शांत जागा, नोटीस पिरियड आणि रुजू होण्याची तारीख

अर्ज पाठवल्यानंतर आणि प्रत्यक्ष मुलाखतीच्या आधी रिक्रूटरचा जो फोन येतो, तो बहुधा दहा ते वीस मिनिटांत संपतो. त्यात विषयाच्या ज्ञानाची परीक्षा क्वचितच होते. समोरच्या व्यक्तीपुढे एक तक्ता उघडलेला असतो आणि तिला त्यातले रकाने भरायचे असतात: सध्याचे काम, एकूण अनुभव, सध्याचा आणि अपेक्षित पगार, गाव बदलण्याची तयारी, नोटीस पिरियड, मुलाखतीला केव्हा येता येईल. हा तक्ता पुढे ज्या विभागात जागा रिकामी आहे त्या विभागप्रमुखाकडे जातो आणि तो मुलाखतीसाठी चार-पाच नावे निवडतो. चिपळूण आणि लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मनुष्यबळाचे काम करताना मी असे फोन दोन्ही बाजूंनी ऐकले आहेत. कामात उत्तम असलेली आपली मुले ज्या रकान्यात अडखळतात तो रकाना नोटीस पिरियडचा असतो, म्हणून या लेखात मुख्य भर त्यावर आणि तो फोन नीट ऐकू येईल अशा जागेवर दिला आहे.

उदाहरणासाठी एक उमेदवार डोळ्यांपुढे ठेवू. ही तरुणी चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि लोट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात चार वर्षे केमिस्ट आहे. तळोज्याच्या एका औषध कंपनीतल्या जागेसाठी तिने अर्ज केला आहे. तिला रविवारची साप्ताहिक सुट्टी असते आणि या आठवड्यात तिची सकाळी सात ते दुपारी तीन ही पहिली पाळी आहे. अपेक्षित फोन ३ ऑगस्ट २०२६ च्या सुमाराचा आहे, म्हणजे पाऊस जोरात आहे आणि गणपती १४ सप्टेंबरला येणार आहेत.

पहिली पायरी: नेमणूकपत्र काढून वाचणे

तयारीची सुरुवात कपाटातल्या फाईलपासून करावी. नेमणूकपत्रात नोटीस पिरियडचे कलम असते आणि नोकरी कायम झाल्याच्या पत्रात ते बदललेले असू शकते, कारण परिवीक्षा काळात पंधरा दिवसांची किंवा एका महिन्याची असलेली मुदत कायम झाल्यावर दोन किंवा तीन महिन्यांची होणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. जे पत्र सर्वांत शेवटी मिळाले त्यातले कलम लागू धरावे. ‘आमच्याकडे सगळ्यांना एकच महिना आहे’ असे सहकाऱ्याने सांगितले म्हणून तेच रिक्रूटरला सांगू नये. त्याची श्रेणी वेगळी असेल तर त्याचे कलमही वेगळे असू शकते.

कलम वाचताना चार गोष्टी शोधून कागदावर उतरवाव्यात. मुदत दिवसांत दिली आहे की महिन्यांत, ही पहिली. साठ दिवस आणि दोन महिने यांत एक-दोन दिवसांचा फरक पडतो आणि शेवटची तारीख सांगताना तो जाणवतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोजणी राजीनामा दिल्याच्या दिवसापासून होते की दुसऱ्या दिवसापासून. पत्रात स्पष्ट नसेल तर दुसऱ्या दिवसापासून मोजावी, म्हणजे आपण दिलेली तारीख नंतर पुढे सरकत नाही. मुदत दिवसांत दिलेली असल्यास रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही साधारणपणे त्यात धरल्या जातात, कामाचेच दिवस मोजावेत असे वेगळे लिहिलेले नसेल तर. तिसरी गोष्ट, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करता येते का आणि नोटीसच्या काळात रजा घेतली तर मुदत तितकी लांबते का. चौथी, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येते का, आणि येत असेल तर ते पैसे मूळ पगारावर काढतात की एकूण पगारावर.

चौथ्या गोष्टीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, पण रकमेतला फरक मोठा असतो. समजा या केमिस्टचा महिन्याचा एकूण पगार ३६,००० रुपये आणि त्यातला मूळ पगार १८,००० रुपये आहे. वीस दिवस आधी सुटायचे असेल तर एकूण पगारावर हिशेब केल्यास २४,००० रुपये भरावे लागतील आणि मूळ पगारावर केल्यास १२,०००. नवी कंपनी ही रक्कम भरून देईल का हे विचारण्याआधी रक्कम किती आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. शिवाय पैसे भरण्याची तरतूद असली तरी सोडायचे की नाही हे अनेक पत्रांत व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठेवलेले असते. तेव्हा ती सोय आहे म्हणून ती आपला हक्क आहे असे समजू नये.

दुसरी पायरी: दिवसांचे तारखेत रूपांतर

रिक्रूटर दिवस विचारतो, पण त्याच्या मनात तारीख असते. त्यामुळे फोन येण्याआधीच कॅलेंडर समोर घेऊन हिशेब करून ठेवावा.

आपल्या उमेदवाराचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. फोन, मुलाखत आणि ऑफर लेटर यांत दोन आठवडे जातील असे धरले तर राजीनामा १७ ऑगस्टच्या सोमवारी जाईल. दुसऱ्या दिवसापासून मोजल्यास ऑगस्टचे १४ दिवस, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे १६ मिळून साठ दिवस होतात, म्हणजे शेवटचा कामाचा दिवस १६ ऑक्टोबर, शुक्रवार. इथे कोकणातल्या माणसाने एक गोष्ट विसरू नये. हे साठ दिवस गणपतीवरून जातात. गणेश चतुर्थीच्या सुट्टीला जोडून ती १५ ते १९ सप्टेंबर अशी पाच दिवस रजा घेणार असेल आणि तिच्या कंपनीत नोटीसमधली रजा मुदतीत मिळवली जात असेल, तर शेवटचा दिवस २१ ऑक्टोबरवर जातो. तिथून खोली पाहणे आणि सामान हलवणे यासाठी चार दिवस ठेवले की २६ ऑक्टोबर, सोमवार ही रुजू होण्याची खरी तारीख निघते.

आता हाच हिशेब तिने केलाच नाही असे समजा. ती फोनवर ‘दोन महिने’ म्हणते, रिक्रूटर ३ ऑगस्टपासून दोन महिने मोजून ऑक्टोबरचा पहिला आठवडा लिहितो आणि प्रत्यक्षात ती तीन आठवडे उशिरा येते. तिने खोटे काहीही सांगितलेले नाही, तरीही तिच्या नावापुढे तारीख न पाळणारी अशी नोंद होते. म्हणूनच नोटीसची मोजणी राजीनाम्यापासून सुरू होते आणि राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावर दिला जाईल, हे दोन्ही दुवे उत्तरात आले पाहिजेत. तोंडी होकारावर राजीनामा देऊ नये. ‘आधी राजीनामा द्या, पत्र मागून येईल’ असे कोणी म्हटले तर पत्राची वाट पाहावी.

लवकर येता येईल का, याचाही विचार आधीच करून ठेवावा. समजा तिची अठरा दिवसांची रजा शिल्लक आहे आणि तिच्या कंपनीत पंधरा दिवसांपर्यंत रजा वळती करून घेतल्याची आधीची उदाहरणे आहेत. तसे झाले आणि तिने गणपतीची रजाही घेतली नाही, तर १६ ऑक्टोबरऐवजी ती १ ऑक्टोबरला मोकळी होईल. ही झाली शक्यता. २६ ऑक्टोबर ही तिच्या हातातली तारीख आणि १ ऑक्टोबरनंतरचे काही दिवस ही वरिष्ठांच्या हातातली तारीख, हा भेद तिने कागदावर दोन वेगळ्या ओळींत लिहून ठेवावा, म्हणजे बोलण्याच्या ओघात दोन्ही एकत्र होणार नाहीत. गणपतीची रजा सोडायची की नाही हेही घरी आधीच ठरवावे. फोनवर उत्साहाने सोडलेली रजा सप्टेंबरमध्ये घरच्यांच्या आग्रहाने परत घ्यावी लागली की शब्द मोडतो.

तिसरी पायरी: जागा निवडणे आणि तपासणे

शांत जागा म्हणजे घरातली सर्वांत शांत खोली, असे आपण धरून चालतो. आपल्या घरांत ते नेहमी खरे ठरत नाही, कारण फोनसाठी शांतता आणि रेंज दोन्ही एकाच ठिकाणी लागतात. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे माजघरात आवाज कमी येतो, पण तिथेच रेंजही सर्वांत कमी असते. पडवीत किंवा खळ्यात रेंज मिळते, पण तिथे रस्त्यावरची वाहने, शेजाऱ्यांची बोलणी आणि पावसाचा आवाज असतो. पत्र्याच्या छपराखाली ऑगस्टमधली मोठी सर आली तर समोरच्याला तुमचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही आणि तुम्हाला मात्र त्या आवाजाची सवय झालेली असल्यामुळे ते कळतही नाही. कौलारू छपराखाली आवाज थोडा कमी असतो. स्लॅबची खोली मिळाली तर पावसाळ्यात तीच घ्यावी, मग ती काकांच्या घरातली का असेना.

जागा ठरवण्याआधी तिथूनच एक चाचणी फोन करावा. ज्या वेळी रिक्रूटरचा फोन येणार आहे साधारण त्याच वेळी, त्याच खुर्चीवर बसून एखाद्या मित्राला फोन लावावा आणि पाच मिनिटे बोलावे. ‘ऐकू येतंय का’ एवढेच विचारून थांबू नये, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. दोन-तीन तारखा आणि रकमा सांगून त्या त्याला परत म्हणायला लावाव्यात. सोळा आणि साठ यांत त्याचा गोंधळ झाला तर रिक्रूटरचाही होईल. आवाज तुटत असेल तर खिडकीजवळ सरकून पुन्हा तपासावे. घरी चांगले वायफाय असेल आणि फोनमध्ये तशी सोय असेल तर वायफाय कॉलिंग सुरू करून पाहता येते, पण वीज गेल्याबरोबर राऊटर बंद पडतो हे लक्षात घेऊन त्याला बॅटरीचा आधार द्यावा. मोठ्या पावसात वीज बराच वेळ गेली की टॉवरचीही शक्ती संपते. त्यामुळे त्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला घरातला एक फोन चार्ज करून जवळ ठेवावा आणि फोन सुरू होताच तो पर्यायी क्रमांक रिक्रूटरला सांगून टाकावा.

फोन स्पीकरवर ठेवू नये, कारण स्पीकरवर खोलीतला सगळा आवाज पलीकडे जातो. वायरचा साधा इयरफोन मला ब्लूटूथपेक्षा भरवशाचा वाटतो, त्याची चार्जिंग संपत नाही आणि तो मधेच दुसऱ्या उपकरणाला जोडला जात नाही. माइक शर्टाच्या कॉलरला घासणार नाही असा ठेवावा. घरातल्यांना नुसते ‘आवाज करू नका’ असे सांगून भागत नाही, तर नेमकी वेळ सांगावी: ‘आई, साडेचार ते पाच मिक्सर लावू नकोस आणि टीव्ही बंद ठेव’. मासेवाली किंवा पोस्टमन आला तर कोणी बाहेर जायचे हेही ठरवून ठेवावे.

चौथी पायरी: नको त्या वेळी फोन आला तर

रासायनिक कारखान्यात ज्वालाग्राही द्रव्ये असलेल्या भागात मोबाईल नेता येत नाही, आणि पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बोलण्यासारखी स्थिती नसते. अशा वेळी दोन चुका होतात. काही जण फोन घेतच नाहीत आणि परत करण्यास दोन दिवस लावतात. काही जण बसच्या गोंगाटात, शेजारी सहकारी बसलेला असताना, दबक्या आवाजात पगार आणि नोटीस सांगू लागतात. दुसरी चूक जास्त वाईट आहे, कारण उत्तरे अर्धवट जातात आणि नोकरी बदलण्याची बातमी दुसऱ्या दिवशी विभागात पोहोचते.

फोन घेऊन चार वाक्यांत वेळ मागून घ्यावी. उदाहरणार्थ: “नमस्कार मॅडम, फोन केल्याबद्दल आभारी आहे. मी आत्ता कंपनीच्या बसमध्ये आहे, इथे नीट बोलता येणार नाही. आज साडेचार वाजता किंवा उद्या त्याच वेळी मी शांत ठिकाणी असेन. आपल्याला यातली कोणती वेळ सोयीची आहे?” दोन नेमक्या वेळा दिल्या की बहुतेक रिक्रूटर त्यांतली एक स्वीकारतात. ‘नंतर करा’ असे म्हटले तर तो फोन पुन्हा येईलच असे नाही, कारण त्यांच्या यादीत पुढचे नाव तयार असते. फोन चुकलाच तर पाळी सुटताच नाव, जागेचे नाव आणि बोलण्याच्या दोन वेळा लिहून संदेश पाठवावा.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष उत्तर

फोनच्या वेळी समोर एकच कागद असावा, दोन्ही बाजूंनी भरलेला नव्हे. वरच्या ओळीत कंपनी आणि जागेचे नाव, खाली पगाराचे दोन आकडे, मग नोटीसच्या दोन ओळी आणि मुलाखतीच्या वेळा. मोबाईलच्याच पडद्यावर टिपण ठेवले तर बोलता बोलता ते उघडताना फोन कापला जाण्याचा धोका असतो.

प्रश्न येतो तो असा: “नोटीस पिरियड किती आहे?” उमेदवाराचे उत्तर असे असावे:

“मॅडम, माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे आणि मी अजून राजीनामा दिलेला नाही. ऑफर लेटर १७ ऑगस्टपर्यंत मिळाले तर मी त्याच दिवशी राजीनामा देईन आणि २६ ऑक्टोबरला रुजू होऊ शकेन.”

इथे थांबावे. दिवस, राजीनाम्याची सद्यस्थिती, अट आणि तारीख या चारही गोष्टी आल्या, आणि त्या सांगायला पंधरा-वीस सेकंद लागले. यापुढे वरिष्ठ कसे आहेत, विभागात माणसे किती कमी आहेत, मागच्या वर्षी एकाला कसे सोडले नाही, ही हकीकत सांगू नये. ती ऐकून रिक्रूटरला एवढेच कळते की ही व्यक्ती सुटणे अवघड आहे. तो तुम्हाला पुन्हा “म्हणजे नेमके किती दिवस?” असे विचारत असेल तर पहिले उत्तर लांबले किंवा धूसर झाले असे समजावे आणि दुसऱ्यांदा केवळ आकडा आणि तारीख सांगावी.

पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: “यात काही कमी होईल का? आम्हाला तीस दिवसांत माणूस हवा आहे.” या क्षणी ‘हो, प्रयत्न करते, होईल’ असे म्हणण्याचा मोह फार होतो. पण होकार तक्त्यात ‘तीस दिवस’ म्हणून लिहिला जातो, ‘प्रयत्न’ हा शब्द गळून पडतो आणि ऑफर लेटरवर सप्टेंबरमधली तारीख छापून येते. त्याऐवजी असे सांगता येईल: “माझी अठरा दिवसांची रजा शिल्लक आहे. ती वळती करून घेतली तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येणे शक्य आहे, पण तो निर्णय माझ्या वरिष्ठांचा असल्यामुळे मी आज शब्द देऊ शकत नाही. आपण २६ ऑक्टोबर लिहून ठेवावे. राजीनामा दिल्यापासून आठ दिवसांत मी आपल्याला लवकरच्या तारखेबद्दल निश्चित कळवेन.” तीस दिवस ही खरोखर ताठर अट असेल तर ती जागा हातची जाईल. ते फोनवरच कळलेले बरे, कारण जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन झाल्यावर तारखेवरून ऑफर मागे घेतली गेली तर उमेदवार दोन्हीकडून जातो.

उरलेल्या दिवसांचे पैसे भरण्याचा विषय स्वतःहून काढू नये. रिक्रूटरने काढला तर आपला आकडा सांगून ‘कंपनीकडे तशी तरतूद आहे का’ एवढे विचारावे, आणि ती रक्कम पुढे पगारातून परत घेतली जाते का हेही विचारावे. रिलीव्हिंग लेटरशिवाय येण्याची सूचना कोणी केली तर नकार द्यावा. नोकरी अशी अर्धवट सोडल्यास अनुभवाचा दाखला अडतो आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत तो प्रश्न परत येतो.

मुलाखतीची वेळ हा दुसरा रकाना. ‘केव्हाही चालेल’ हे उत्तर विनयाचे वाटते, पण पाळीत काम करणाऱ्याच्या बाबतीत ते खरे नसते आणि मग दोनदा वेळ बदलावी लागते. आपली उमेदवार असे सांगेल: “या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे, त्यामुळे रोज दुपारी साडेचारनंतर ऑनलाइन मुलाखत देऊ शकेन. प्रत्यक्ष यायचे असेल तर दोन दिवस आधी कळवावे, म्हणजे रजा टाकता येईल.” चिपळूणहून पनवेलपर्यंत रेल्वेने साधारण चार-पाच तास लागतात, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने चालते. म्हणून तळोज्याला सकाळी दहाची वेळ स्वीकारण्यापूर्वी आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आहे का हे पाहावे. नसेल तर दुपारी दोननंतरची वेळ मागावी. ती मागण्यात कमीपणा नाही.

अर्जातली आणि नोकरीच्या संकेतस्थळावरची माहितीही या उत्तरांशी जुळली पाहिजे. पूर्वी परिवीक्षेत असताना भरलेला ‘एक महिना’ तिथे तसाच असेल तर रिक्रूटर फोनवर साठ दिवस ऐकून थबकतो. फोनच्या आदल्या दिवशी तो रकाना दुरुस्त करून ठेवावा.

सहावी पायरी: फोन ठेवल्यानंतर

दहा मिनिटांच्या आत, आठवण ताजी असताना, बोललेल्या तारखा लेखी पाठवाव्यात. रिक्रूटरने घाईत काही चुकीचे टिपले असेल तर ते इथे दुरुस्त होते आणि पुढे वाद झाल्यास आपल्याकडे नोंद राहते. संदेश असा पुरेसा आहे:

“नमस्कार मॅडम, आज क्यूसी केमिस्ट या जागेबाबत झालेल्या बोलण्यानुसार: नोटीस पिरियड ६० दिवस, राजीनामा अद्याप दिलेला नाही. ऑफर लेटर १७ ऑगस्टपर्यंत मिळाल्यास रुजू होण्याची तारीख २६ ऑक्टोबर २०२६. ऑनलाइन मुलाखतीसाठी या आठवड्यात रोज दुपारी साडेचारनंतर उपलब्ध. प्रत्यक्ष मुलाखतीसाठी दोन दिवस आधी कळवावे, ही विनंती.”

ऑफर लेटर १७ ऑगस्टऐवजी २४ ऑगस्टला आले तर राजीनाम्याबरोबर सगळ्या तारखा एक आठवडा पुढे जातात आणि रुजू होण्याची तारीख २ नोव्हेंबर, सोमवार होते. पत्रावर जुनीच तारीख छापलेली असेल तर सही करण्याआधी याच संदेशाचा आधार घेऊन ती बदलून मागावी, आणि बदललेले पत्र हाती आल्यावरच लोट्यातल्या वरिष्ठांपुढे राजीनामा ठेवावा.